निष्कर्षांचा सारांश (अंतर्गत समिती)

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार आल्यावर अंतर्गत समिती चौकशी करते. त्या चौकशीत काय सिद्ध झाले, काय झाले नाही आणि ते कशावरून, हे मुद्देवार सांगणारा अहवालाचा भाग म्हणजे निष्कर्षांचा सारांश. 2013 च्या कायद्यानुसार दोन्ही पक्ष कर्मचारी असतील तर निष्कर्षांची प्रत दोघांनाही द्यावी लागते, म्हणजे त्यांना समितीपुढे हरकत घेता येते. तक्रारदार आणि प्रतिवादी तोच कागद ओळीओळीने वाचणार असतात. म्हणून पहिला मसुदा क्वचितच तसाच्या तसा देण्याजोगा असतो.

इंदूरमधील एका कार्यालयाचे कल्पित उदाहरण घेऊ. मसुद्यात असे वाक्य आहे: ‘तक्रारदार बाईंनी रात्री मेसेजना उत्तरे देऊन ओळख वाढवली असली, तरी आरोपीने विकृत वृत्तीने त्यांना वारंवार त्रास दिला हे उघड आहे.’ एवढ्या एका वाक्यात दोघांवरही अन्याय झाला आहे. ‘आरोपी’ हा फौजदारी खटल्यातला शब्द. इथे ‘प्रतिवादी’ लिहितात. वृत्ती तपासणे समितीचे काम नाही, कृती तपासणे आहे. बाईंनी उत्तरे दिली हा शेरा निष्कर्षाला काहीच जोडत नाही, फक्त ठपका ठेवतो. ‘वारंवार’ म्हणजे किती आणि ‘उघड’ कशावरून, याचा पत्ता नाही.

पुनर्लेखन पुराव्यापासून सुरू होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटवर प्रत्येक संदेशाशेजारी वेळ दिसते, पण तारीख त्या दिवसाच्या वरच्या टोकाला एकदाच येते. चित्र कापले की तारीख जाते आणि वाद सुरू होतो. म्हणून मूळ फोन समितीसमोर उघडून पाहणे आणि एक्सपोर्ट केलेला संवाद जोडणे बरे. संदेश मराठीत आणि अहवाल हिंदीत असेल, आणि इंदुरात असे होऊ शकते, तर मूळ ओळ जशीच्या तशी देऊन खाली भाषांतर द्यावे. मग तोच परिच्छेद असा होतो:

‘मुद्दा 1. 4 ते 19 मार्च या काळात प्रतिवादीने तक्रारदाराला रात्री दहानंतर 11 संदेश पाठवले (पुरावा क-2, पाने 3 ते 7). त्यांतील 8 कामाचे होते, 3 तक्रारदाराच्या दिसण्याविषयी होते. 9 मार्चला तक्रारदाराने “सर, कामापुरतंच बोलू या” असे लिहिले. दिसण्याविषयीचे 2 संदेश त्यानंतरचे आहेत. संदेश पाठवल्याचे प्रतिवादीस मान्य आहे. ते थट्टेने लिहिल्याचे त्यांचे म्हणणे आहे (जबाब, परिच्छेद 6). कृती नकोशी होती हे 9 मार्चच्या उत्तरावरून दिसते. निष्कर्ष: सिद्ध.’

8 संदेश कामाचे होते, हे प्रतिवादीच्या बाजूचे आहे आणि ते गाळता येत नाही. थट्टेचा खुलासाही नोंदवलाच पाहिजे, जरी निर्णय संदेश नकोसे होते की नाही यावर झाला असला तरी.

खरी कसोटी दुसऱ्या मुद्द्यावर लागते. रेकॉर्ड रूममध्ये हात धरल्याचा आरोप आहे. साक्षीदाराने दोघांना बाहेर येताना पाहिले, आत काय झाले ते पाहिले नाही. कॅमेऱ्याचे चित्रण पुसले गेले आहे. मसुदा इथे पटकन ‘आरोप खोटा’ म्हणून मोकळा होतो. लिहायला हवे ते असे: ‘उपलब्ध पुराव्यावरून सिद्ध होत नाही’, आणि चित्रण का मिळाले नाही तेही. कलम 14 नुसार तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई होत नाही. खोडसाळपणा ठरवायला वेगळी चौकशी लागते. इथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे कुठे झुकते ते पाहतात. पण पारडे का झुकले ते शब्दांत सांगावेच लागते.

कलम 16 नुसार नावे आणि ओळख उघड करता येत नाही. त्यामुळे पक्षांखेरीज इतर कोणाकडे काही पाठवायचेच असेल, तर नाव खोडून भागत नाही. ‘लेखा विभागातील मराठी बाई’ एवढ्यावरून इंदूरच्या मराठी वर्तुळात संध्याकाळपर्यंत माणूस ओळखला जातो. पद, विभाग, भाषा हे सारेच झाकावे लागते.

शिफारशी निष्कर्षांत मिसळू नयेत. ‘बदली करावी’ हे वाक्य मुद्दा 1 मध्ये शिरले की निकाल आधी ठरवून पुरावा मागून जोडल्यासारखा दिसतो. पुनर्लेखन सह्यांच्या आधी आणि समितीच्याच सदस्यांनी करावे, मनुष्यबळ विभागाने नव्हे. शेवटी एक सदस्य जुना आणि नवा मसुदा शेजारी ठेवून प्रत्येक तारीख, आकडा, पुरावा क्रमांक आणि ‘सिद्ध’ किंवा ‘सिद्ध नाही’ हे शब्द ताडून पाहतो. निष्कर्षच बदलला असेल, तर ते भाषेचे काम उरत नाही. समितीला पुन्हा बसावे लागते.