रिकाम्या तळ्यात लावलेला स्पॉटलाईट पाणी भरल्यावर भलतीकडेच का जातो, आणि किती जातो ते कसं काढायचं

आम्ही बागेतली छोटी तळी बांधून देतो, लाईटचं फिटिंगही करून देतो, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार लाईट बंद पडल्याची नसते. ती अशी असते: "अहो, तळं कोरडं होतं तेव्हा लाईट बरोब्बर कमळाच्या कुंडीवर पडत होता, पाणी भरलं आणि कुंडी अंधारात गेली, उजेड अलीकडेच पडतोय." मग घरातला कोणीतरी शिडी लावून दिवा हलवतो, दोन दिवस हलवतच राहतो. दिवा सैल झालेला नसतो हो. पाणी भरलं म्हणून किरण वाकला. तो किती वाकला हे कागदावर दोन मिनिटांत काढता येतं, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर हवा, फोनमधला आडवा धरल्यावर येतो तोही चालेल.

नियम तोच, शाळेत दहावीला सायन्समध्ये होता तो. पाण्याच्या पृष्ठभागावर किरण जिथे टेकतो तिथे एक उभी सरळ रेष कल्पून घ्या, पुस्तकात तिला स्तंभिका म्हणतात, तळ्यावर आम्ही ओळंबा सोडतो तीच ती. हवेतला किरण या ओळंब्याशी जो कोन करतो तो i, आणि पाण्यात गेल्यावर त्याच ओळंब्याशी जो कोन करतो तो r. मग

sin i / sin r = 1.33

हा 1.33 म्हणजे हवेच्या तुलनेत पाण्याचा अपवर्तनांक. म्हणजे i चा साइन काढायचा, त्याला 1.33 ने भागायचं, जे उत्तर येईल तो r चा साइन. स्नेल नावाच्या डच गणितज्ञाने 1621 च्या सुमारास हा नियम शोधला पण छापला नाही, आणि त्याची मांडणी लांबींच्या गुणोत्तरात होती, साइनच्या रूपात तो छापून आणला देकार्तने 1637 मध्ये. आपल्याला कॅल्क्युलेटरवर साइनचं बटण आहे म्हणून देकार्तची मांडणी जास्त सोयीची.

आता एक खरंखुरं फिटिंग घेऊ. कंपाउंडच्या भिंतीवर दिवा आहे, पाण्याच्या पातळीपासून 120 सेंमी वर. तळं 75 सेंमी खोल. तळं कोरडं असताना दिवा असा वळवला की किरण ओळंब्याशी 60 अंश करतो, आणि कुंडीवर पडतो. कुंडी भिंतीपासून किती लांब? पाणी जिथे येणार आहे त्या पातळीपर्यंत उतरताना किरण आडवा 120 × tan 60 म्हणजे 208 सेंमी गेला, पुढे तळापर्यंत 75 × tan 60 म्हणजे आणखी 130 सेंमी. एकूण 338. कुंडी तिथे बसवली, सगळे खूश.

पाणी भरलं. पहिले 208 सेंमी तेच राहतात, कारण पाण्यावर टेकेपर्यंत किरणाला पाण्याची खबरच नसते. टेकला की मग हिशेब बदलतो. sin 60 म्हणजे 0.866, भागिले 1.33 म्हणजे 0.651. आता sin⁻¹ दाबा, 40.6 अंश. म्हणजे किरण 60 वरून 40.6 वर आला, 19.4 अंश वाकला, ओळंब्याच्या दिशेने, खाली. पाण्यात तो आता आडवा जातो 75 × tan 40.6, म्हणजे 64 सेंमी. जायला हवा होता 130. उजेड कुंडीच्या 66 सेंमी अलीकडे पडला, सव्वादोन फूट झाले की नाही जवळपास, म्हणून कुंडी अंधारात.

लोक इथे एक शॉर्टकट मारतात, कोनालाच 1.33 ने भागतात. 60 भागिले 1.33 केलं की 45 येतं आणि खरं उत्तर आहे 40.6, साडेचार अंशांनी चुकलं. गंमत म्हणजे कोन लहान असला की हा शॉर्टकट जवळजवळ बरोबर येतो, 15 अंशांना भागलं तर 11.3 आणि साइनने काढलं तर 11.2, त्यामुळे ज्यांनी डोक्यावरच्या उभ्या लाईटला तो वापरून बघितलाय त्यांचा त्यावर विश्वास बसलेला असतो. भिंतीवरच्या तिरक्या लाईटला मात्र तो फसवतो. म्हणूनच साइन.

दुसरी आणि आमच्या मते सगळ्यात कॉमन चूक म्हणजे कोन पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजणं. दिवा बघणाऱ्याला ते सहज वाटतं, "तीस अंशांनी उतरतोय ना," असं. पण हा नियम ओळंब्यापासूनचा कोन मागतो, पाण्यापासून 30 म्हणजे ओळंब्यापासून 60. चुकून 30 टाकलात तर r येतो 22 अंश, आणि उजेड पाण्यात फक्त साडेतीस सेंमी पुढे जाईल असं उत्तर मिळतं, प्रत्यक्षात तो 64 वर पडलेला असतो. ओळखायचं कसं? दिवा जेवढा आडवा कराल तेवढा तुमचा i वाढला पाहिजे. कमी होत असेल तर तुम्ही उलट्या बाजूने मोजताय.

तिसरी चूक कॅल्क्युलेटरची. sin 30 दाबून बघा, 0.5 यायला हवं. उणे 0.988 आलं तर तो रेडियनवर आहे, DEG वर आणा मगच पुढे जा. आणि sin⁻¹ हे वेगळं बटण आहे, 1 भागिले साइन नव्हे, त्यावरूनही आमच्याकडे बरेच फोन येतात.

आता खरा प्रश्न, दिवा किती वळवायचा. उजेड 66 सेंमी अलीकडे पडला म्हणून टेकण्याची जागा 66 सेंमी पुढे सरकवावी असं वाटतं, पण दिवा वर उचलला की i पण बदलतो, मग r पण बदलतो, त्यामुळे याचं थेट एका ओळीत उत्तर येत नाही, करून बघत जावं लागतं. 64 अंश घेऊन बघा: पाण्यावर टेकतो 246 वर, पाण्यात जातो 69, एकूण 315, अजून कुंडी लांब. 66 अंश घ्या: टेकतो 269.5 वर, sin 66 म्हणजे 0.9135, भागिले 1.33 म्हणजे 0.687, r आला 43.4, पाण्यात 71, एकूण 340. कुंडी 338 वर आहे, दोन सेंमी इकडे तिकडे, स्पॉटलाईटचा उजेडाचा गोल त्याहून कितीतरी मोठा असतो, काम झालं. म्हणजे दिवा फक्त 6 अंश वर करायचा होता. तेवढं शिडीवर चढून अंदाजाने करायला गेलं की माणूस हमखास पंधरा अंश उचलतो आणि मग उजेड शेजाऱ्यांच्या खिडकीत.

या आकड्यांत एक गोष्ट लक्षात आली का, i 60 वरून 66 केला तरी पाण्यातलं अंतर 64 वरून 71 च झालं. याला एक शेवटची हद्द आहे. i कितीही वाढवा, 90 च्या पुढे जात नाही, त्याचा साइन 1, भागिले 1.33 म्हणजे 0.752, आणि त्याचा कोन 48.8 अंश. पाण्यात शिरलेला किरण ओळंब्यापासून याहून जास्त तिरका जाऊच शकत नाही. आपल्या 75 सेंमीच्या तळ्यात याचा अर्थ असा की किरण जिथे टेकला तिथून साधारण 85 सेंमीच्या पुढे तो तळाला लागणारच नाही. त्यामुळे "काठावरून दिवा एकदम आडवा टाका आणि पाण्याखाली लांबपर्यंत उजेड न्या" अशी मागणी आली की आम्ही सरळ नाही म्हणतो, त्यासाठी पाण्यातला दिवाच लागतो.

शिवाय खूप आडवा दिवा टाकला की उजेड पाण्यात जातच नाही धड, वरच्यावर आरशासारखा परत फिरतो. 60 अंशांना साधारण 6 टक्के उजेड परततो, ते चालतं. 66 ला 9 टक्के. 75 ला मात्र एकपंचमांशाहून जास्त, आणि 80 ला एकतृतीयांश गेला. समोरच्या भिंतीवर पाण्याची लख्ख झळाळी नाचताना दिसली आणि तळ मात्र मंद असला तर समजा कोन फार मोठा झालाय, अशा वेळी दिव्याचे वॅट वाढवण्यापेक्षा दिवा भिंतीवर उंच चढवा म्हणजे i कमी होतो.

हिशेबात धरलेलं पाणी सपाट आणि स्थिर आहे. कारंजं चालू असलं की पृष्ठभाग जागोजागी तिरका होतो आणि त्या जागेची स्तंभिकाही तिरकी होते, लाट नुसती 5 अंश कलली तरी पहिल्या उदाहरणातला 64 वरचा उजेड 58 ते 70 च्या मध्ये झुलत राहतो. त्यामुळे माप घेताना कारंजं बंद ठेवा. मीठ, मासळीचं खाद्य, थोडं शेवाळ यांनी अपवर्तनांक फार बदलत नाही, समुद्राच्या पाण्याला धरून चाललात तरी 1.34, त्याने अर्धा अंशही नीट हलत नाही, त्याची काळजी सोडा. गढूळपणाने उजेड पसरतो आणि मंदावतो, पण वाकायचा कोन तोच राहतो.

पाण्याची पातळी मात्र सोडू नका. मे महिन्यात पाणी 15 सेंमी खाली गेलं की दिवा पाण्यापासून 135 सेंमी वर झाला आणि खोली उरली 60. तोच 66 अंशांचा किरण आता टेकतो 303 वर, पाण्यात जातो 57, एकूण 360. उजेड कुंडीच्या 22 सेंमी पुढे सरकला, दिव्याला कोणी हात न लावता. अशा वेळी स्क्रू पिळू नका, पाणी भरा.

ज्यांना हे आकडे नकोच त्यांच्यासाठी एक सोपा मार्ग आहे आणि तो शंभर टक्के याच नियमावर चालतो. तळं भरल्यावर, पाणी शांत असताना, डोळा दिव्याच्या अगदी शेजारी नेऊन कुंडी जिथे दिसते तिकडे दिवा रोखा. कुंडीकडून डोळ्याकडे येणारा किरण ज्या वाटेने वाकून येतो त्याच वाटेने दिव्याचा किरण उलटा जातो, त्यामुळे तो कुंडीवरच पडतो. डोळा दिव्यापासून लांब, काठावर उभं राहून मात्र हे करू नका, तिथून कुंडी वेगळ्या जागी दिसते.

भिंतीला भोक पाडायच्या आधीच हिशेब करून हवा असेल तर चार मापं आम्हाला पाठवा: पाणी भरल्यावर दिवा पाण्यापासून किती उंच असेल, तळ्याची खोली, भिंतीपासून कुंडीपर्यंतचं आडवं अंतर आणि कुंडीची रुंदी. सगळी सेंमीमध्ये. खोली मोजताना तळाशी टाकलेल्या खडीच्या वरून मोजा, तीच आम्हाला हवी आहे.