गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर कॅन्सर कसा ओळखतात?

बायॉप्सीच्या स्लाइडवरचे रंग दोन रसायनांतून येतात. जांभळा हिमॅटॉक्सिलिनचा, गुलाबी इओसिनचा. हिमॅटॉक्सिलिन मेक्सिकोकडच्या लॉगवुड नावाच्या झाडाच्या गाभ्यातून काढतात, आणि पूर्वी कापड रंगवायलाही ते वापरत. नुसतं वापरलं तर ऊतींवर त्याचा रंग नीट चढत नाही. ते हवेने किंवा रसायनाने ऑक्सिडाइझ व्हावं लागतं आणि सोबत तुरटी लागते. १८६५ मध्ये ब्योमरने तुरटीची जोड दिली तेव्हा ते खऱ्या अर्थाने उपयोगी पडलं. तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळे हा रंग धन विद्युतभाराचा होतो आणि केंद्रकातल्या ऋणभारित डीएनएला चिकटतो. इओसिन उलट भाराचं, म्हणून ते प्रथिनांना धरतं. त्यामुळे पेशीचा बाकीचा भाग आणि भोवतालचे तंतू गुलाबी दिसतात. १८७६ मध्ये विसोत्स्कीने दोन्ही रंग एकत्र वापरले, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत आजही पहिली स्लाइड याच जोडीने रंगवतात.

रंग येण्याआधीची चूक मात्र वेगळीच होती. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये लेबेर आणि त्याच्या बाजूचे लोक म्हणत होते की कॅन्सरची एक खास पेशी असते आणि ती दिसली की निदान झालं. गाठ कापून, तिचा रस सुरीने खरवडून, न रंगवता ते तो भिंगाखाली पाहत. अशा तयारीत सुट्या पेशी दिसतात, पण त्या कुठे आणि कशा बसल्या होत्या ते कळत नाही. १८५४-५५ मध्ये तिथल्या वैद्यक अकादमीत यावर मोठा वाद झाला. शल्यविशारद व्हेल्पो यांचा आक्षेप असा की रोग्याच्या पुढच्या वाटचालीशी या पेशीचा मेळ बसत नाही. आक्षेप बरोबर होता. पुढे पातळ काप घेऊन ते रंगवायची सोय झाली तेव्हा लक्ष सुट्या पेशीवरून रचनेकडे वळलं. १८७८ मध्ये बर्लिनच्या रूगे आणि फाइट यांनी गर्भाशयमुखाचा छोटा तुकडा काढून शस्त्रक्रियेआधीच निदान करायचा आग्रह धरला.

रचनेला इतकं महत्त्व का, ते स्तनातल्या स्क्लेरोझिंग ॲडिनोसिसवरून कळतं. ही बिनाइन, म्हणजे कॅन्सर नसलेली, अवस्था आहे, पण सुईने काढलेल्या बारीक तुकड्यात ती हमखास कॅन्सरची शंका आणते. तंतूंनी आवळलेल्या ग्रंथी चपट्या होतात आणि पेशींच्या एकेरी रांगा वाटतात. म्हणून पॅथॉलॉजिस्ट आधी कमी पॉवरवर पाहतो. ॲडिनोसिसमध्ये ग्रंथींचा घोळका गोलसर खंडिकेच्या, म्हणजे स्तनातल्या ग्रंथींच्या एका छोट्या गटाच्या, मर्यादेत राहतो. मधल्या ग्रंथी दाबलेल्या आणि कडेच्या थोड्या मोकळ्या दिसतात. पसरणाऱ्या कॅन्सरच्या ग्रंथी मात्र खंडिकेची हद्द न जुमानता इतस्ततः, अगदी चरबीतही शिरतात.

मग जास्त पॉवर. साध्या ग्रंथीला दोन थर असतात: आत स्रावी पेशी, बाहेर मायोएपिथेलियल पेशी. पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये बाहेरचा थर नसतो. पण ॲडिनोसिसमध्ये तो दाबून इतका पातळ होतो की गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर नेमका तिथेच तो शोधणं कठीण जातं. अशा वेळी मायोएपिथेलियल पेशींच्या केंद्रकात असणाऱ्या p63 या प्रथिनाची वेगळी तपासणी करतात. मायोएपिथेलियल केंद्रकं तपकिरी ठिपक्यांसारखी उमटतात, आणि ग्रंथींभोवती असे ठिपके असतील तर प्रश्न बहुधा मिटतो. मात्र हा थर फक्त पेशी बाहेर पसरल्यात का, एवढंच सांगतो. नलिकेच्या आतच असलेल्या कॅन्सरमध्ये हा थर शाबूत असतो. तिथे निकाल आतल्या पेशींवर ठरतो: केंद्रकं मोठी, गडद, एकमेकींशी न जुळणारी आहेत का, विभाजन चालू आहे का. उलट मायक्रोग्लँड्युलर ॲडिनोसिस बिनाइन असूनही त्यात हा थर नसतो.

केंद्रकाचा आकार मोजायला तांबड्या रक्तपेशी हाताशी असतात. त्या साधारण ७ मायक्रॉनच्या, म्हणून शेजारच्या केंद्रकाची तुलना लगेच होते. गडदपणावर मात्र तितका विसंबून चालत नाही. काप ३-४ मायक्रॉनऐवजी जाड पडला किंवा हिमॅटॉक्सिलिन जास्त वेळ राहिलं, तर निरोगी केंद्रकंही काळपट दिसतात. ओळखायची खूण अशी की त्याच स्लाइडवरच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीही तितक्याच काळ्या झालेल्या असतात. मग दोष तयारीचा.

तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मलिन या द्रावात तो उशिरा पडला तर नुकसान मोठं. पेशी स्वतःच्या विकरांनी विरघळू लागतात, केंद्रकांचा तपशील पुसट होतो आणि विभाजन मोजता येत नाही. चालढकल टाळायला तुकडा लगेच त्याच्या निदान दहापट फॉर्मलिनमध्ये टाकतात. चिमट्याने चुरडलेल्या भागात केंद्रकं ताणून निळ्या रेघा होतात. त्या भागावरून बिनाइन की मॅलिग्नंट ठरवायचं नसतं. सगळाच तुकडा तसा असेल, तर नवी बायॉप्सी मागणं हेच योग्य उत्तर.