'दिवसातून दोनदा' म्हणजे नेमकं कधी?

रुग्णालयातून घरी सोडताना हातात एक कागद मिळतो. त्यावर औषधांचा परिच्छेद असतो. तो औषधांच्या क्रमाने लिहिलेला असतो, एकेका औषधाचं नाव घेत पुढे जाणारा. घरी औषध देणाऱ्याला मात्र वेगळंच हवं असतं: आत्ता सकाळचे आठ वाजलेत, तळहातावर काय ठेवायचं? औषधांच्या क्रमाचं घड्याळाच्या क्रमात रूपांतर करताना चुका होतात, आणि बहुतेक चुका अगदी साध्या शब्दांपाशी होतात.

एका काल्पनिक पण नेहमी दिसणाऱ्या नमुन्यावर हे काम करून बघू. सत्तरीच्या बाईंचा कागद असा आहे:

"लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम रोज सकाळी उपाशीपोटी. मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा. मेटोप्रोलॉल २५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा. फ्युरोसेमाइड ४० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा. कॅल्शियम कार्बोनेट ५०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० मि.ग्रॅ. रात्री. मेथोट्रेक्सेट १० मि.ग्रॅ. आठवड्यातून एकदा सोमवारी, फॉलिक अ‍ॅसिड ५ मि.ग्रॅ. शुक्रवारी. दुखल्यास पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ., दोन गोळ्यांत किमान सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. अ‍ॅम्लोडिपिन बंद."

लगेच तक्ता आखायला घेऊ नका. आधी एक कच्ची यादी करा, एका ओळीत एकच औषध. प्रत्येक ओळीत चार गोष्टी लिहा: नाव, डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा, घरातल्या गोळीवर छापलेली ताकद, आणि या दोन्हींवरून निघणारी गोळ्यांची संख्या. तिसरी गोष्ट कागदावर नसते, ती पाकीट हातात घेऊनच वाचावी लागते. या घरात मेटोप्रोलॉलची गोळी ५० मि.ग्रॅ.ची आहे आणि मात्रा २५ची, म्हणजे अर्धी गोळी. मेथोट्रेक्सेटची गोळी २.५ मि.ग्रॅ.ची आहे आणि मात्रा १०ची, म्हणजे सोमवारी चार गोळ्या. कागद पाहून कुणी दोन्हीकडे 'एक गोळी' लिहिलं, तर पहिल्या औषधाची मात्रा दुप्पट होईल आणि दुसऱ्याची पाव. गोळी अर्धी करण्याआधी तिच्यावर मधोमध रेघ आहे का ते पाहा. पाकिटावर औषध सावकाश सोडणारी गोळी असल्याचं लिहिलं असेल, तर ती तोडायची का, हे फार्मासिस्टला विचारूनच ठरवा. अशा काही गोळ्या तोडल्या तर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं.

'मायक्रोग्रॅम' हा शब्द इथे पूर्ण लिहा. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे, आणि घाईतल्या अक्षरात त्यांची लघुरूपं सारखीच दिसतात. २.५ मधला टिंबही ठळक काढा. तो पुसट झाला की २५ वाचलं जातं.

आता खरा प्रश्न. या कागदावर 'दिवसातून दोनदा' चार वेळा आलंय, आणि चारही वेळा त्याचा अर्थ वेगळा आहे.

मेटफॉर्मिनचं 'दोनदा' जेवणाला बांधलेलं असतं. रिकाम्या पोटी घेतलं तर मळमळ आणि जुलाब होण्याची शक्यता वाढते, म्हणून ते न्याहारीबरोबर आणि रात्रीच्या जेवणाबरोबर जातं. मेटोप्रोलॉलचं 'दोनदा' घड्याळाला बांधलेलं असतं. साध्या गोळीचा परिणाम काही तासांतच ओसरायला लागतो, त्यामुळे दोन मात्रांमध्ये साधारण बारा तास हवेत. सकाळी आठ आणि दुपारी एक असं दिलं तर गोळ्या दोनच होतील, पण रात्र आणि पहाट औषधाविना जाईल. हे औषध अन्नाबरोबर घेतात, म्हणून सकाळी आठ आणि रात्री आठ या वेळा त्याला नेमक्या बसतात.

फ्युरोसेमाइडला बारा तासांचा हाच नियम लावला तर रुग्णाची झोप उडेल. या गोळीने लघवी वाढते. परिणाम तासाभरात सुरू होतो आणि सहा ते आठ तास टिकतो. रात्री आठला दिली तर मध्यरात्रीनंतरही उठावं लागेल, आणि वयस्कर माणूस अंधारात अडखळून पडतो तो अशाच वेळी. म्हणून तिचं 'दोनदा' म्हणजे सकाळी आणि दुपारी. एकला दिली की झोपायच्या वेळेपर्यंत तिचा जोर ओसरलेला असतो.

कॅल्शियम कार्बोनेटला पचायला जठरातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबर चांगलं शोषलं जातं. पण इथे आणखी एक अडचण आहे. कॅल्शियम आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला चिकटतं आणि ते अंगी लागू देत नाही, त्यामुळे दोन्हींत किमान चार तासांचं अंतर लागतं. लेव्होथायरॉक्सिन न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घेतात. म्हणजे न्याहारीची वेळ कॅल्शियमसाठी बाद झाली. उरली दुपारची आणि रात्रीची जेवणं. थायरॉइडची गोळी नियमित घेऊनही रक्ततपासणीत आकडा जागेवर येत नसेल, तर डॉक्टर सकाळच्या कॅल्शियमबद्दल किंवा लोहाच्या गोळीबद्दल विचारतात, ते यासाठीच.

'रात्री' या शब्दाचं काय? जेवताना की झोपताना? अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दिवसात कधीही घेतली तरी चालते, फक्त रोज ठरलेल्या वेळी घ्यावी. म्हणून ती जेवणाच्या वेळेत सामावून घेता येते आणि झोपतानाची वेगळी फेरी वाचते. सगळ्याच औषधांबाबत असं नसतं. तेव्हा ज्या ओळीत दोन अर्थ निघतात, तिथे प्रश्नचिन्ह करा आणि सगळे प्रश्न एकदमच डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा. वेळ त्यांनी ठरवायची, तक्ता आपण मांडायचा.

फेऱ्या कमी करणं हे काम दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी ५५ ते ७४ वयाच्या ४६४ जणांना सात औषधांचा एक काल्पनिक संच देऊन दिवस आखायला सांगितला. हे काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. सगळी औषधं दिवसातल्या चार वेळांत बसत होती. लोकांनी सरासरी सहा वेळा काढल्या, आणि चार किंवा त्याहून कमी वेळांत बसवणारे सुमारे १५ टक्केच होते. प्रत्येक सूचना स्वतंत्र वाचली की प्रत्येकीला आपली वेगळी वेळ मिळते. फेऱ्या जितक्या जास्त, तितक्या हुकण्याच्या जागा जास्त.

आपल्या कागदाचाही तक्ता चार वेळांत बसतो:

सकाळी ७, रिकाम्या पोटी, फक्त पाण्याबरोबर: लेव्होथायरॉक्सिन १
सकाळी ८, न्याहारीबरोबर: मेटफॉर्मिन १, मेटोप्रोलॉल अर्धी, फ्युरोसेमाइड १
दुपारी १, जेवणाबरोबर: फ्युरोसेमाइड १, कॅल्शियम १
रात्री ८, जेवणाबरोबर: मेटफॉर्मिन १, मेटोप्रोलॉल अर्धी, कॅल्शियम १, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १

आता पडताळणी. ही पायरी बहुतेक जण गाळतात. कच्च्या यादीवरून रोजच्या गोळ्या मोजा: लेव्होथायरॉक्सिन १, मेटफॉर्मिन २, मेटोप्रोलॉल दोन अर्ध्या मिळून १, फ्युरोसेमाइड २, कॅल्शियम २, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १. बेरीज ९. आता तक्त्यातल्या वेळांप्रमाणे मोजा: १, अडीच, २, साडेतीन. बेरीज पुन्हा ९. जुळली नाही, तर एखादी गोळी गळलीय किंवा दोनदा लिहिली गेलीय. पण ही बेरीज गोळ्यांची संख्या तपासते, त्यांची जागा तपासत नाही. कॅल्शियम चुकून सकाळी आठच्या ओळीत पडलं तरी बेरीज ९च येईल. म्हणून शेवटी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी मूळ परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि तुम्ही प्रत्येक वाक्यागणिक तक्त्यातल्या जागांवर बोट ठेवावं. उलट क्रमाने नको. तक्ता वाचून परिच्छेदात शोधत गेलात, तर तक्त्यात उतरायचंच राहिलेलं औषध कधीच सापडणार नाही.

मेथोट्रेक्सेट या रोजच्या तक्त्यात मुद्दाम घातलेलं नाही. हे आठवड्याचं औषध रोज दिलं गेल्याने माणसं दगावली आहेत. तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, जंतुसंसर्ग होतो. रोजच्या ओळीत 'फक्त सोमवारी' अशी टीप लिहिली, तर घाईत नाव वाचलं जातं आणि टीप राहून जाते. त्यासाठी वेगळी चौकट करा आणि तिच्यात वाराबरोबर पुढच्या आठ आठवड्यांच्या तारखाही लिहा. फॉलिक अ‍ॅसिडच्या शुक्रवारच्या तारखा तिच्याखाली. या दोन्ही गोळ्या अनेकदा लहान आणि पिवळ्या असतात, त्यामुळे त्यांची पाकिटं वेगळ्या जागी ठेवलेली बरी. एखाद्या दिवशी मेथोट्रेक्सेट जास्तीचं दिलं गेल्याचं लक्षात आलं, तर त्रास दिसण्याची वाट न पाहता त्याच वेळी डॉक्टरांना कळवा.

पॅरासिटामॉललाही रोजच्या ओळींत जागा नको. तिथे लिहिलं की ते दुखत नसतानाही दिलं जातं. त्याच्या चौकटीत छापील वेळ नसावी, रिकाम्या जागा असाव्यात: दिल्याची तारीख, वेळ, आणि २४ तासांतली कितवी गोळी. सर्दीच्या बऱ्याच औषधांतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा त्यांचीही नोंद याच चौकटीत करा.

बंद केलेली अ‍ॅम्लोडिपिन तक्त्यावर असावीच. 'बंद, अमुक तारखेपासून' असं लिहा. घरात जुनं पाकीट शिल्लक असतं, आणि नव्या तक्त्यात नाव दिसलं नाही की दुसरा माणूस 'हे लिहायचं राहिलं वाटतं' म्हणून ती सुरू करतो. तक्त्याच्या माथ्यावर तो केल्याची तारीख घाला आणि जुना तक्ता फाडून टाका.

प्रत्येक वेळेसमोर खुणेची चौकट ठेवा. खूण गोळी गिळल्यावर करायची, वाटीत काढून ठेवल्यावर नाही. दोघे आळीपाळीने औषध देत असतील, तर बरोबरच्या खुणेऐवजी नावाचं आद्याक्षर लिहा. चौकट रिकामी दिसली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊन भरपाई करू नका. चुकलेल्या मात्रेचं काय करायचं, हे प्रत्येक औषधाबद्दल आधीच विचारून तक्त्याच्या मागे लिहून ठेवा.

नवं पाकीट आणलं की पहिली गोळी काढण्याआधी त्यावरची ताकद तक्त्याशी ताडून पाहा. मेटोप्रोलॉल या वेळी २५ मि.ग्रॅ.चं मिळालं असेल, तर तक्त्यातली 'अर्धी' चुकीची ठरते, जरी कागदावरचं एकही अक्षर बदललेलं नसलं तरी. आणि पहिल्या आठवड्यानंतर उरलेल्या गोळ्या मोजा. मेटफॉर्मिनच्या २८ गोळ्या घेऊन सुरुवात केली असेल, तर सात दिवसांनी १४ उरायला हव्यात. पंधरा असतील तर एक मात्रा चुकलीय, तेरा असतील तर एक जास्त गेलीय, आणि नेमकी कुठल्या फेरीत, हे खुणांच्या चौकटींत शोधता येतं.