नाकापासून कानापर्यंत: वाइड अँगल चेहरा टेलिफोटो पोर्ट्रेटमध्ये बसवताना

टेलिफोटोने काढलेलं पोर्ट्रेट चांगलं आलंय, फक्त चेहऱ्यावरचा भाव फसलाय. हवा तो भाव त्याच व्यक्तीच्या, मोबाइलवर जवळून काढलेल्या फोटोत आहे. तो चेहरा कापून इथे बसवला, रंग, प्रकाश आणि ग्रेन नीट जुळवले, तरी माणूस वेगळाच वाटतो. या बिघाडाचं खापर वर्षानुवर्षं लेन्सवर फुटत आलं, आणि त्यामुळे दुरुस्तीचे प्रयत्नही चुकीच्या जागी होत राहिले.

फोटोशॉपमध्ये २००५ साली लेन्स करेक्शन फिल्टर आला, २०१०मध्ये लेन्सची तयार प्रोफाइल्स आली. त्यांनी वाकलेल्या रेषा सरळ होतात, नाक मात्र होतं तेवढंच राहतं. कारण नाकाचा आकार ठरतो तो कॅमेरा चेहऱ्यापासून किती दूर होता यावर. वाइड लेन्सने चेहरा फ्रेमभर घ्यायचा तर जवळ जावंच लागतं, म्हणून दोष लेन्सचा वाटतो. त्याच जागेवरून टेलिफोटोने काढलेल्या फोटोतही नाक-कानाचं प्रमाण तेच येईल.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. मोबाइल नाकाच्या शेंड्यापासून ४० सेंमीवर आहे. डोळे शेंड्याच्या साधारण साडेतीन सेंमी मागे आणि कान १२ सेंमी मागे धरू. वस्तू जितकी दूर तितकी लहान दिसते, म्हणजे डोळ्यांच्या पातळीच्या तुलनेत नाकाचा शेंडा जवळपास ९ टक्के मोठा आणि कान १६ टक्के लहान दिसतील. पोर्ट्रेट दोन मीटरवरून काढलं असेल, तर तिथे नाक जेमतेम २ टक्के मोठं आणि कान ४ टक्के लहान असतात. एकावर दुसरा चेहरा ठेवताना आपण बुबुळं जुळवतो. तसं केल्यावर नाकाचा शेंडा साधारण ६ टक्के आकसवावा लागतो, कानांचा भाग मात्र १५ टक्के पसरवावा लागतो. सगळ्यांची नजर नाकावर जाते, पण खरं काम गालांच्या कडेला आणि कानांपाशी आहे. बसवलेला चेहरा मूळ डोक्यात अरुंद वाटतो, गालाच्या कडेला मास्कची सीमा जुळत नाही, ते याचमुळे.

चेहरा बदलण्याच्या संशोधनातही कॅमेऱ्याच्या अंतराचा विचार उशिराच आला. ब्लान्झ आणि फेटर यांनी १९९९मध्ये एका फोटोवरून चेहऱ्याचं त्रिमितीय मॉडेल बसवण्याची पद्धत मांडली. पुढच्या बऱ्याच कामाचा पाया तिथेच पडला. २००८मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने चेहरे आपोआप बदलणारी प्रणाली दाखवली. मोठ्या संग्रहातून साजेसा चेहरा निवडताना ती डोक्याचा कल, रेझोल्यूशन, रंग आणि प्रकाश पाहायची. कॅमेऱ्याचं अंतर त्या निकषांत नव्हतं.

ते केंद्रस्थानी आणलं २०१६च्या एका कामाने. प्रिन्स्टन आणि अडोबीतल्या फ्रीड, शेख्टमन, गोल्डमन आणि फिंकेलस्टाइन यांनी एकाच फोटोवर डोक्याचं मॉडेल आणि कॅमेरा दोन्ही बसवले, कॅमेरा मागे सरकवला आणि कुठला भाग किती सरकतो याच्या त्यातून निघालेल्या नकाशाने मूळ फोटो वार्प केला, म्हणजे ताणून-आकसवून बदलला. त्यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. चेहऱ्यावरचे बिंदू शोधणारी नेहमीची प्रणाली डोळे, नाक, ओठ आणि हनुवटी धरते, म्हणून त्यांनी कान आणि डोक्याच्या माथ्याचे बिंदू हाताने वाढवले. सर्वांत जास्त फरक जिथे पडतो, तिथलेच बिंदू गहाळ होते.

त्याच वर्षी फोटोशॉपच्या लिक्विफायमध्ये चेहरा ओळखणारे स्लायडर आले. नाकाची रुंदी आणि चेहऱ्याची रुंदी यांनी बरंच साधतं, पण खोलीचा हिशेब त्यांना नसतो. कपाळ, नाक आणि गाल वेगवेगळ्या मापाने सरकायला हवेत. एकच स्लायडर ओढला की गालासोबत डोळ्यांमधलं अंतरही हलण्याचा धोका असतो. म्हणून वार्पआधी बुबुळांवर गाइड ठेवावेत आणि शेवटपर्यंत ती जागा सोडू नये. पारख करायला मूळ टेलिफोटो फोटोच सर्वांत चांगला, कारण माणूस तोच आहे: बुबुळांमधलं अंतर आणि गालांची रुंदी यांचं गुणोत्तर दोन्ही ठिकाणी सारखं यायला हवं.

वार्पला ओलांडता न येणारी एक मर्यादा आहे. डोकं ८ सेंमी त्रिज्येचा गोल मानला, तर ४० सेंमीवरून दोन्ही बाजूंना सुमारे ७-७ अंशांचा असा पट्टा झाकलेला राहतो, जो दोन मीटरवरून दिसला असता. तिथले पिक्सेल फोटोत नाहीतच, त्यामुळे कडेची त्वचा ताणली की तिचा पोत फिसकटतो. म्हणून मास्क कानांच्या बराच आत, गालाच्या उंचवट्यापाशी थांबवावा आणि कान, जबड्याची कड, केसांची रेषा मूळ पोर्ट्रेटचीच ठेवावी. मोबाइल डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर धरला असेल तर अडचण वाढते: ४० सेंमीवर पाच सेंमीचा फरकही सात अंशांचा कोन होतो, कपाळ मोठं आणि हनुवटी लहान दिसते. अशा वेळी अंतराच्या दुरुस्तीने भागत नाही, डोक्याचा कलही फिरवावा लागतो.