वायफायवर उघडते, मोबाइलवर नाही

रविवारी सकाळी फोन आला. ओळखीच्या एक बाई गाण्याचे वर्ग घेतात, त्यांचं छोटंसं संकेतस्थळ मी सांभाळतो. "अरे, साइट बंद पडलीय. तीन मुलांच्या आयांचे मेसेज आले." मी लॅपटॉपवर उघडून पाहिलं. पटकन उघडलं, फोटोंसकट. "ताई, माझ्याकडे तर चालतंय," असं मी म्हणालो. हे वाक्य या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा बोललं जातं आणि त्याचा उपयोग सगळ्यात कमी होतो.

थोड्या वेळाने त्यांनी पडद्याचा फोटो पाठवला. ब्राउझरचा इशारा होता आणि खाली बारीक अक्षरांत `NET::ERR_CERT_COMMON_NAME_INVALID` असं लिहिलेलं. म्हणजे साइट बंद नव्हती; ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नव्हतं. कुणीतरी दार उघडत होतं, पण ते भलत्याच घराचं. मी फोनचं वायफाय बंद केलं, मोबाइल डेटावर तोच पत्ता टाकला आणि तोच इशारा माझ्याही पडद्यावर आला.

मग आठवलं. दोन दिवसांपूर्वी डीएनएसच्या पॅनेलमध्ये AAAA नावाचा रकाना रिकामा दिसला होता. होस्टिंगवाल्यांनी सर्व्हरला आयपीव्ही६चा पत्ता दिलेलाच होता. म्हटलं, भरून टाकू. भरला आणि विसरलो.

डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी नोंदवही. इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या दोन पद्धती आहेत, जुनी आयपीव्ही४ आणि नवी आयपीव्ही६. A नोंदीत आयपीव्ही४चा ३२ बिटांचा पत्ता असतो. आयपीव्ही६चा पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे चौपट, म्हणून त्याच्या नोंदीला चार A. ही नोंदवही तुम्ही लिहिलेलं तसंच्या तसं सांगते. त्या पत्त्यावर कुणी राहतं का, दार उघडतं का, हे ती तपासत नाही. AAAA नोंद टाकणं म्हणजे "आमच्याकडे या रस्त्यानेही या" अशी पाटी लावणं. रस्ता बांधायचं काम वेगळं असतं आणि ते सर्व्हरवर जाऊन करावं लागतं.

ही पाटी सगळ्यांना दिसते, पण त्या रस्त्याने सगळे जात नाहीत. माझ्या घरच्या ब्रॉडबँडला फक्त आयपीव्ही४ मिळतं. त्यामुळे माझा लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर जात राहिला आणि मला काहीच कळलं नाही. मोबाइलचं तसं नाही. जिओची सेवा २०१६मध्ये सुरू झाली तीच आयपीव्ही६ गृहीत धरून, आणि आज भारतात मोबाइल डेटावरच्या फोनला आयपीव्ही६चा पत्ता मिळणं ही रोजची गोष्ट आहे. ज्या उपकरणाकडे दोन्ही रस्ते असतात, ते प्रघाताप्रमाणे आधी आयपीव्ही६ धरतं. म्हणून घरी बसून वायफायवर पाहणाऱ्यांना साइट नीट दिसत होती आणि क्लासच्या जिन्यात उभं राहून फोनवर पाहणाऱ्या आयांना ती "बंद" होती.

आता कुणी म्हणेल की ब्राउझर एवढे हुशार असतात, एक रस्ता बंद दिसला तर दुसरा का धरत नाहीत? धरतात. त्या युक्तीला हॅपी आयबॉल्स असं गमतीदार नाव आहे. तिचा नियम २०१२मध्ये लिहिला गेला आणि २०१७मध्ये सुधारला गेला. ब्राउझर आयपीव्ही६वर हाक मारतो आणि साधारण पाव सेकंदात ओ आली नाही, तर थांबून न राहता आयपीव्ही४वरही हाक मारतो. ज्या बाजूने आधी ओ येईल ती बाजू पक्की. या युक्तीमुळे कित्येक चुकीच्या AAAA नोंदी वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाहीत. साइट किंचित रेंगाळते, एवढंच.

ती कुठे कमी पडते हे पाहायचं, तर चुकीचा पत्ता किती प्रकारे चुकीचा असू शकतो ते पाहावं लागतं.

पहिला प्रकार सगळ्यात निरुपद्रवी. पत्ता खरा आहे, पण तिथल्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या क्रमांक दिलेल्या दारावर, कोणताच प्रोग्राम ऐकत नाही. मग सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम लगेच "नाही" असं कळवते आणि समोरचा लगेच दुसऱ्या पत्त्याकडे वळतो. दुसऱ्या प्रकारात फायरवॉल आलेलं माहितीचं पाकीट गुपचूप टाकून देते. नकारही नाही, होकारही नाही. ब्राउझर पाव सेकंदात सुटतो, पण साधे प्रोग्राम सुटत नाहीत. रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला एखादा भाग, असे बरेच प्रोग्राम पत्ते एकामागून एक धरतात. लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांच्या सेटिंगनुसार अशी हाक १, २, ४, ८ सेकंद असं अंतर दुप्पट करत पुन्हा पुन्हा मारली जाते आणि नाद सोडेपर्यंत १२७ सेकंद जातात. अशा ठिकाणी "साइट दोन मिनिटांनी उघडते" अशी विचित्र तक्रार येते. लिनक्सवर आयपीव्ही४साठी iptables आणि आयपीव्ही६साठी ip6tables, असे फायरवॉलचे नियम वेगवेगळे असतात. एकीकडे पोर्ट उघडलं म्हणून दुसरीकडे उघडत नाही, हे विसरणारे पुष्कळ.

तिसरा प्रकार माझा. आयपीव्ही६वर कुणीतरी ऐकतंय, झटपट ओ देतंय, पण ते तुमचं संकेतस्थळ नाही. हॅपी आयबॉल्स फक्त ओ आली का एवढंच बघतं. जोडणी झाली की शर्यत संपली. त्यानंतर चुकीचं प्रमाणपत्र येवो, 'पान सापडलं नाही' सांगणारं ४०४ येवो, नाहीतर होस्टिंग कंपनीचं स्वागताचं पान येवो, ब्राउझर परत फिरून आयपीव्ही४ धरत नाही. त्याच्या मते तो योग्य ठिकाणीच पोचलाय. माझ्या मते धडधडीत मेलेल्या पत्त्यापेक्षा असा अर्धवट जिवंत पत्ता जास्त घातक.

माझ्या सर्व्हरवर नेमकं काय झालं होतं? तिथे nginx नावाचा वेब सर्व्हर चालतो आणि त्यावर दोन साइट आहेत. गायनवर्गाच्या फाइलमध्ये जुनी ओळ होती:

```
listen 443 ssl;
```

ही ओळ फक्त आयपीव्ही४वर ऐकते. दुसरी साइट मी नंतर, नव्या नमुन्यावरून उभी केली होती. तिच्या फाइलमध्ये जास्तीची एक ओळ होती:

```
listen [::]:443 ssl;
```

म्हणजे सर्व्हरच्या आयपीव्ही६च्या दारात एकच साइट उभी होती, ती ही दुसरी. nginx आधी पाकीट कोणत्या पत्त्यावर आणि पोर्टवर आलं ते बघतो आणि मग त्या दाराशी नोंदलेल्या साइटपैकी नाव जुळवतो. ब्राउझरने गायनवर्गाचं नाव स्वच्छ सांगितलं होतं. पण त्या दाराशी ते नाव कुणाचंच नव्हतं, म्हणून तिथे हजर असलेल्या एकमेव साइटचं प्रमाणपत्र पुढे केलं गेलं. नाव जुळेना, ब्राउझरने इशारा दाखवला. जोपर्यंत AAAA नोंद नव्हती, तोपर्यंत ही उणीव असूनही कुणाला दिसत नव्हती. त्या दाराकडे कुणाला पाठवलंच जात नव्हतं.

हे शोधायला पाच मिनिटं पुरतात, फक्त दोन्ही रस्ते वेगवेगळे चालून पाहावे लागतात. नाव example.org धरलं, तर:

```
dig +short AAAA example.org
curl -4 -I https://example.org
curl -6 -I https://example.org
```

पहिली ओळ पाटीवर काय लिहिलंय ते दाखवते. दुसरी आणि तिसरी एकाच दाराची दोन बाजूंनी परीक्षा घेतात. `-4`ला २००, म्हणजे 'सगळं ठीक', आणि `-6`ला प्रमाणपत्राची तक्रार, असं दिसलं की रोग कळला. पण मी घरून `-6` चालवलं तर काहीच सिद्ध झालं नसतं, कारण माझ्याकडे आयपीव्ही६ नाहीच, आज्ञा कशीही फसणारच. ही चाचणी आयपीव्ही६ असलेल्या जागेवरूनच करायची. मी लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडला. सर्व्हरवरून सर्व्हरलाच हाक मारणंही टाळावं, कारण बाहेरची फायरवॉल त्यात दिसत नाही. सर्व्हरवर काय ऐकतंय ते मात्र `ss -ltn` सांगते: `0.0.0.0:443` दिसतं आणि `[::]:443` दिसत नाही, तर आयपीव्ही६वर कुणी नाही.

बाईंची एक विद्यार्थिनी अमेरिकेत असते, व्हिडिओवर शिकते. तिच्यासारख्यांची अडचण आणखी वेगळी असू शकते. तिकडे टी-मोबाइलसारख्या जाळ्यात फोनला फक्त आयपीव्ही६चा पत्ता मिळतो. जुन्या जगाशी बोलायला अशा जाळ्यांत एक दुभाष्या बसवतात आणि त्याच्या जोडीला डीएनएस६४ नावाची सोय ठेवता येते. एखाद्या नावाला AAAA नोंद नसेल, तर डीएनएस६४ त्या नावाच्या A नोंदीवरून स्वतःच एक AAAA पत्ता बनवून देते, बऱ्याचदा `64:ff9b::`ने सुरू होणारा. फोन त्या पत्त्यावर जातो, दुभाष्या त्याला आयपीव्ही४वर पोचवतो. थोडक्यात, माझी नोंद नसताना साइट तिथे छान उघडली असती. पण खरी AAAA नोंद दिसली की डीएनएस६४ आपला पत्ता बनवत नाही, मालकाने दिलेला पत्ता आहे तसा पुढे करते. तो पत्ता मेलेला असेल, तर दुसरा रस्ताच उरत नाही. यावर उपाय आहेत: नव्या ऑपरेटिंग सिस्टिम A नोंद मागवून दुभाष्याचा पत्ता स्वतः बनवू शकतात, आणि अँड्रॉइड फोनवर आयपीव्ही४चा आभास निर्माण करणारी व्यवस्था असते. पण त्या सगळीकडे आहेत असं गृहीत धरता येत नाही. हॅपी आयबॉल्सच्या २०१७च्या नियमात या अडचणीसाठी स्वतंत्र परिच्छेद आहे, यावरून अशी नावं किती भेटत असतील ते समजावं.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. नोंद काढून टाकायची, किंवा सर्व्हर खरोखर तयार करायचा. मी आधी नोंद काढली, कारण तो सगळ्यात लवकरचा इलाज. तरी लगेच फरक पडला नाही. नोंदीला मी एका तासाची मुदत दिली होती, म्हणजे ३६०० सेकंद, आणि तेवढा वेळ मोबाइल कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर जुनंच उत्तर देत राहणं साहजिक होतं. नोंद घालताना मुदत ३०० ठेवली असती, तर बाईंना पाच मिनिटांत मोकळं करता आलं असतं.

मग फाइलमध्ये `listen [::]:443 ssl;` घातलं, आणि साध्या http च्या ८० क्रमांकाच्या पोर्टसाठीही तशीच ओळ. ८० विसरून चालत नाही. फुकट प्रमाणपत्रं देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था नेहमीच्या तपासणीसाठी त्याच पोर्टवर येते आणि AAAA नोंद असेल तर आयपीव्ही६नेच येते. तिथे कुणी ओच दिली नाही तर ती आयपीव्ही४ धरून पाहते, पण भलत्या साइटने ४०४ दिलं तर तेच उत्तर खरं मानते. माझ्या प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांची होती. म्हणजे मोबाइलवाल्या आयांनी त्या रविवारी तक्रार केली नसती, तर काही आठवड्यांनी नूतनीकरण फसलं असतं आणि मुदत संपल्यावर माझ्या लॅपटॉपवरही इशारा आला असता.

nginx पुन्हा चालू केला, दोन्ही `curl` हॉटस्पॉटवरून चालवले, नोंद काढलेली असल्यामुळे `-6`ला सर्व्हरचा पत्ता `--resolve`ने हाताने दिला, दोन्हीकडे २०० आलं. त्यानंतर AAAA नोंद परत घातली, ३०० सेकंदांच्या मुदतीने.