१०२४ चे १०२६ का केले?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक: मेमरीच्या बँका, स्ट्राइड आणि ॲरेची रुंदी

प्रोग्रॅमचा वेग वाढवण्याबाबतचा आमचा अहवाल हातात पडला की बहुतेकांचा पहिला फोन एकाच ओळीवरून येतो: "ॲरेच्या ओळीची रुंदी १०२४ वरून १०२६ केली." गणित तेच, उत्तर तेच, फक्त दोन रकाने वाढले आणि तेही रिकामे. मग प्रोग्रॅम वेगाने कसा चालायला लागला, आणि या दोन रकान्यांचे तुम्ही पैसे घेता का, असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. फोनवर पाच मिनिटांत तो नीट समजावता येत नाही, म्हणून हे पत्रक.

मेमरी म्हणजे एकच मोठे कपाट नव्हे. तिचे अनेक भाग केलेले असतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे काम करतो. या भागाला बँक म्हणतात. एका बँकेने एक शब्द, म्हणजे मेमरीतला एक आकडा, दिला की पुढचा देण्याआधी तिला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात ती दुसऱ्या कोणाचे ऐकत नाही. प्रोसेसरला मात्र दर क्लॉकला, म्हणजे त्याच्या प्रत्येक ठोक्याला, एक शब्द हवा असतो. यावर उपाय म्हणून शेजारचे शब्द शेजारच्या बँकांत ठेवतात: शून्यावा शब्द शून्याव्या बँकेत, पहिला पहिलीत, याप्रमाणे शेवटच्या बँकेपर्यंत, आणि मग पुन्हा शून्यापासून. शब्दाच्या पत्त्याला बँकांच्या संख्येने भागले की जी बाकी उरते तोच बँकेचा क्रमांक. यालाच इंटरलीव्हिंग म्हणतात. ओळीने वाचत गेलात तर एक बँक सावरत असताना पुढच्या बँका शब्द देत राहतात आणि वाट बघावी लागत नाही.

ओळीने वाचले तर. सगळी गोम या "तर"मध्ये आहे.

ॲरे वाचताना एका शब्दावरून पुढच्या शब्दावर जी ढांग पडते तिला स्ट्राइड म्हणतात. एक-एक शब्द वाचला तर स्ट्राइड १, एकाआड एक वाचला तर २. ढांग बदलली की कोणत्या बँकांवर पाय पडतो तेही बदलते. हे बघायला १९७६ सालचे क्रे-१ हे यंत्र सगळ्यात सोयीचे, कारण त्यात आकडे लहान आहेत आणि मध्ये कॅशचा घोळ नाही. त्याच्या मेमरीत १६ बँका होत्या. क्लॉक १२.५ नॅनोसेकंदांचा होता आणि एकदा शब्द दिला की बँक ५० नॅनोसेकंद, म्हणजे ४ क्लॉक, अडकून राहायची. म्हणजे पूर्ण वेगासाठी एका फेरीत निदान ४ वेगवेगळ्या बँका मिळायला हव्यात.

आता ढांगा टाकून बघा. स्ट्राइड १२ घेतला तर बँका लागतात ०, १२, ८, ४ आणि पुन्हा ०. चार बँका झाल्या, आणि शून्यावीकडे परत येईपर्यंत बरोबर ४ क्लॉक गेले. काठावर पास, पण वेग पूर्ण. स्ट्राइड ८ घेतला तर ०, ८, ०, ८. दोनच बँका, त्यामुळे ४ क्लॉकमध्ये दोनच शब्द, म्हणजे निम्मा वेग. स्ट्राइड १६ घेतला तर ०, ०, ०, ०. एकाच खिडकीवर सगळी रांग, वेग पाव. क्रे-१ चे व्हेक्टर रजिस्टर ६४ शब्दांचे होते. ते भरायला, सुरुवातीचा विलंब सोडून, स्ट्राइड १ ला ६४ क्लॉक, स्ट्राइड ८ ला १२८ आणि स्ट्राइड १६ ला २५६ क्लॉक लागतात. वाचलेले शब्द तेवढेच, यंत्र तेच. कागदावरची बँडविड्थ आणि हातात पडणारी बँडविड्थ यांत फरक पडतो तो असा. एकाच बँकेवर होणाऱ्या या कोंडीला बँक कॉन्फ्लिक्ट म्हणतात.

नियम शाळेतल्या मसाविचा आहे. बँकांची संख्या आणि स्ट्राइड यांचा मसावि काढा आणि बँकांच्या संख्येला त्याने भागा. जे येईल तेवढ्याच बँका वापरल्या जातात. १६ आणि १२ चा मसावि ४, म्हणून ४ बँका. १६ आणि ७ चा मसावि १, म्हणून सगळ्या १६. बँकांची संख्या बहुधा २ चा घात असते, त्यामुळे कोणताही विषम स्ट्राइड निर्धोक आणि २ चा मोठा घात सर्वांत वाईट. दुर्दैव असे की प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ५१२, १०२४, २०४८ हेच आकडे फार आवडतात.

आता तुमच्या ॲरेकडे येऊ. सी भाषेत १०२४ ओळी आणि १०२४ रकान्यांचा ॲरे मेमरीत ओळीमागून ओळ असा मांडला जातो. ओळ वाचताना स्ट्राइड १, पण एक रकाना वरून खाली वाचायचा तर दर वेळी आख्खी ओळ ओलांडावी लागते, म्हणजे स्ट्राइड १०२४. त्याला १६ ने भागले की बाकी शून्य. त्या रकान्याचे सगळे १०२४ शब्द एकाच बँकेत बसलेले! चार क्लॉकला एक शब्द या हिशोबाने ४०९६ क्लॉक लागतात, जिथे साधारण १०२४ पुरले असते. (फोरट्रानमध्ये मांडणी उलटी असते, रकान्यामागून रकाना. तिथे हेच दुखणे ओळ वाचताना होते.)

रुंदी १०२५ केली तर? रकान्याचा स्ट्राइड १०२५, बाकी १, वेग पूर्ण. बहुतेक जण इथेच थांबतात आणि पुष्कळदा तेवढे पुरतेही. पण ॲरे तिरका वाचणारा एखादा लूप असेल तर पंचाईत होते. उजवीकडे उतरणाऱ्या कर्णाचा स्ट्राइड रुंदीपेक्षा एकने जास्त असतो आणि डावीकडे उतरणाऱ्याचा एकने कमी. १०२५ मधून एक वजा केला की आले पुन्हा १०२४. रकाना सुटला, पण कर्ण अडकला. १०२६ घेतले तर रकान्याचा मसावि २, म्हणजे ८ बँका, ज्या ४ क्लॉकसाठी भरपूर आहेत. दोन्ही कर्ण १०२७ आणि १०२५ वर, दोन्ही विषम. म्हणून ज्यांच्या कामात दोन्ही कर्ण वाचले जातात त्यांच्या अहवालात १०२६ दिसते. १०३२ मात्र चालले नसते, कारण त्याचा १६ शी मसावि ८ येतो आणि वेग निम्म्यावर. जास्त रकाने घातले म्हणजे जास्त फायदा, असे इथे मुळीच नाही.

हे जुने यंत्र झाले, आमच्याकडे तर जीपीयू आहे, असे कोणी म्हणेल. जीपीयूत हा मामला उलट जास्त उघडा दिसतो. एनव्हीडियाच्या सध्याच्या जीपीयूंत शेअर्ड मेमरीला ३२ बँका असतात, प्रत्येकीची रुंदी ४ बाइट. ३२ थ्रेड एकाच वेळी मागणी करतात. त्या गटाला वॉर्प म्हणतात. ३२ थ्रेडना ३२ वेगळ्या बँका मिळाल्या तर काम एका फेरीत होते. सगळ्यांनी एकाच बँकेतले वेगवेगळे शब्द मागितले तर ३२ फेऱ्या होतात. (सगळ्यांना नेमका एकच शब्द हवा असेल तर कोंडी होत नाही; तो एकदा वाचून सगळ्यांना वाटला जातो.) मॅट्रिक्सच्या ओळींचे रकाने करताना नेहमी दिसणारी चूक ही:

```c
__shared__ float tile[32][32];
float v = tile[threadIdx.x][5];
```

थ्रेड क्रमांक t चा शब्द आहे ३२ × t + ५. त्याला ३२ ने भागले की बाकी नेहमी ५. सगळे ३२ थ्रेड पाचव्या बँकेच्या दारात. दुरुस्ती एका आकड्याची:

```c
__shared__ float tile[32][33];
```

आता शब्द ३३ × t + ५ आणि बाकी t + ५ ची, म्हणजे प्रत्येक थ्रेडला वेगळी बँक. इथे ३४ घेऊ नका. क्रे-१ वर निम्म्या बँका पुरत होत्या, इथे ३२ च्या ३२ लागतात, त्यामुळे ३४ ने दोन-दोन थ्रेड एका बँकेवर येतात आणि फेऱ्या दुप्पट होतात. आमच्या अहवालात एकाला १०२६ आणि दुसऱ्याला ३३ दिसते ते यामुळे. नेमकी खात्री करायची असेल तर एनसाइट कम्प्यूटमध्ये हा आकडा आधी आणि नंतर बघा:

```
l1tex__data_bank_conflicts_pipe_lsu_mem_shared_op_ld.sum
```

साध्या सीपीयूवर मात्र सगळा दोष बँकांवर ढकलू नये. बहुतेक सर्व्हरमध्ये मुख्य मेमरीचा कंट्रोलर पत्त्याचे वरचे बिट मिसळून बँक ठरवतो, त्यामुळे बाकी काढण्याचा वरचा हिशोब तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे मोठ्या स्ट्राइडने वेळ जातो तो बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे कॅश ६४ बाइटची पूर्ण लाइन आणते आणि तुम्ही त्यातले ८ बाइट वापरून पुढे जाता. दुसरे कारण बँक कॉन्फ्लिक्टचे सख्खे भावंड आहे. प्रत्येक सेटमध्ये ८ लाइन मावणाऱ्या ३२ केबीच्या कॅशमध्ये ६४ सेट असतात, आणि ४०९६ बाइट अंतरावरचे सगळे पत्ते एकाच सेटमध्ये पडतात. ५१२ डबलची ओळ बरोबर ४०९६ बाइटची. म्हणजे रकान्याच्या आठ लाइन कॅशमध्ये मावतात आणि नववी येताच आधीची एक बाहेर जाते.

या दोन्हींत फरक ओळखायला आम्ही एकच चाचणी करतो, आणि ती तुम्हीही करू शकता. तोच लूप रुंदी १०२३, १०२४ आणि १०२५ ठेवून चालवा, प्रत्येक वेळी तेवढेच शब्द वाचून. फक्त १०२४ ला वेळ उसळला आणि शेजारचे दोन्ही आकडे ठीक निघाले तर ती कोंडी आहे, मग बँकेची असो वा कॅशच्या सेटची. रुंदी बदलून ती सुटते. तिन्हींना सारखाच जास्त वेळ लागला तर लाइन वाया जात आहेत, आणि तिथे कितीही रिकामे रकाने घाला, काही उपयोग नाही. लूपचा क्रमच उलटवावा लागतो किंवा ॲरे छोट्या चौकोनांत वाचावा लागतो. सीपीयूवर रुंदी वाढवायचीच ठरली तर आम्ही एक रकाना न वाढवता ८ डबल, म्हणजे पूर्ण ६४ बाइट वाढवतो. त्यामुळे दर ओळ पुढच्या सेटवर जाते आणि ओळीची सुरुवात लाइनच्या सुरुवातीवरच राहते.

शेवटी एक काळजी, जी आम्ही ठेच लागून शिकलो. एका कामात आम्ही रुंदी वाढवली, लूप तपासले, वेळ मोजला आणि काम सोपवले. आठवड्याने तक्रार आली की निकालाचे चित्र तिरपे होत चालले आहे. फाइल लिहिणारे फंक्शन दुसऱ्याच फोल्डरमध्ये होते आणि ते आख्खा ॲरे एका दमात लिहीत होते, रिकाम्या रकान्यांसकट. वाचणारा प्रोग्रॅम ओळ १०२४ चीच धरत होता, म्हणून दर ओळ दोन घरांनी सरकत गेली. तेव्हापासून ॲरेची खरी रुंदी आणि मेमरीतली रुंदी हे दोन वेगळे आकडे ठेवा असा आमचा आग्रह असतो. ब्लास लायब्ररीच्या फंक्शनांना `n` बरोबर `lda` वेगळा द्यावा लागतो तो याचसाठी. बदल करण्याआधी तो ॲरे कुठे-कुठे एका दमात कॉपी होतो, फाइलमध्ये जातो किंवा नेटवर्कवर पाठवला जातो, तेवढी यादी आम्हाला कळवा. लूप आम्ही शोधतो, पण या जागा तुम्हालाच जास्त माहीत असतात.