प्रसरण टाकीचे आकारमान

बंद गरम पाण्याच्या वर्तुळात तापून वाढलेले पाणी सामावून घेणारी टाकी. तिच्या आत रबरी पडदा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. कारागीर तिला एक्सपान्शन टँक म्हणतात.

नुसत्या तापमानवाढीवरून पाणी किती फुगेल हे ठरत नाही. १० वरून ४० अंशांवर जाताना पाणी सुमारे ०.८ टक्के वाढते, ५० वरून ८० वर जाताना १.६ टक्क्यांहून जास्त. वाढ दोन्हीकडे ३० अंशांचीच. म्हणून सुरुवातीचे आणि शेवटचे, दोन्ही तापमान हाती हवीत.

जालन्यात बियाणे वाळवण्याचा ड्रायर धरू. बॉयलर, पाइप आणि कॉइल मिळून ६०० लिटर पाणी. डिसेंबरच्या पहाटे ते १५ अंशांवर येते, चालू असताना ८० वर. वाढ २.८ टक्के, म्हणजे १६.८ लिटर. त्यात ३ लिटर राखीव धरायचे. ही राखीव मराठवाड्यात फार कामाची आहे: मे महिन्यात ३२ अंशांचे पाणी भरले, तर हिवाळ्यात तेच अडीच लिटर आकसते. राखीव नसेल तर वरच्या कॉइलमध्ये हवा शिरते.

सर्वांत उंच कॉइल टाकीपासून ७ मीटर वर आहे. तेवढ्या पाण्याच्या स्तंभाचा दाब ०.७ बार, त्यावर ०.३ जास्त. म्हणून टाकीत आधी १ बार हवा भरायची. सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारला उघडतो, म्हणून कमाल दाब २.५ धरायचा. हिशेबात मात्र गेजच्या आकड्यात वातावरणाचा १ बार मिळवायचा, म्हणजे २ आणि ३.५. दोहोंतील फरक १.५ भागिले ३.५, म्हणजे टाकीचा ४३ टक्के भागच पाण्याच्या वाट्याला. १९.८ लिटरसाठी ४६ लिटर लागतात. बाजारातली ५० ची घ्यायची.

सर्रास होणारी चूक म्हणजे हा १ बार विसरणे. मग उत्तर ३३ लिटर येते आणि ३५ ची टाकी बसते. तीत १९.८ लिटर पाणी शिरल्यावर हवेला १५.२ लिटर उरतात आणि गेजवर ३.६ बार व्हायला हवा. त्याआधीच व्हॉल्व्ह पाणी सोडतो. गार झाल्यावर दाब पडतो, कोणीतरी नळ उघडून बोअरचे जड पाणी भरतो, आणि दर खेपेस नवा क्षार व प्राणवायू आत जातो. कॉइलमध्ये थर धरतो, लोखंड गंजते.

टाकी मोठी असूनही हेच होत असेल, तर तिच्याकडचा कॉक बंद करून पाण्याची बाजू रिकामी करावी आणि टायरच्या गेजने हवा मोजावी. पाणी भरलेले असताना मोजलेला आकडा आधी भरलेल्या हवेचा दाब सांगत नाही. हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आले, तर पडदा फाटला.